काळाने संपणारा पट्टा, टनाने संपणारी खाण

घसारा म्हटला की यंत्र, मोटार, फर्निचर अशा वापराने झिजणाऱ्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. पण दोन प्रकारच्या मालमत्ता न झिजताही संपतात. पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेल्या गाळ्याच्या भिंती पाच वर्षांनंतरही उभ्याच असतात, संपलेला असतो तो पट्टेदाराचा तिथे बसण्याचा हक्क. खाणीचे उलटे आहे. हक्क शिल्लक असला तरी ज्याच्यासाठी तो घेतला ते खनिज खोदून बाहेर गेलेले असते. पहिली मालमत्ता कॅलेंडर खाते, दुसरी फावडे. म्हणूनच हिशेबशास्त्राने दोघींसाठी दोन वेगळ्या पद्धती मानल्या. भाडेपट्ट्यासाठी वार्षिकी म्हणजे ॲन्युइटी पद्धत आणि खाणीसाठी निःशेषण म्हणजे डिप्लिशन पद्धत. वाणिज्य शाखेच्या परीक्षांत या दोन्हींवर चार-पाच ओळींची छोटी उदाहरणे येतात. ती लहान दिसली तरी प्रत्येकात एखादी खाच असते, आणि ती कळली की पद्धतीमागचा विचारही कळतो.

अशा संपत जाणाऱ्या मालमत्तेवर घसारा काढायलाच हवा का, हा वाद एकेकाळी न्यायालयापर्यंत गेला होता. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल परगण्यात डांबरी खडक काढण्याचा परवाना एका इंग्रज कंपनीकडे होता. खडक दरवर्षी कमी होत होता, तरी त्याबद्दल काही रक्कम बाजूला न काढता कंपनी लाभांश वाटत होती. एका भागधारकाने हरकत घेतली. ‘ली विरुद्ध न्यूशातेल ॲस्फाल्ट कंपनी’ या १८८९ च्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि संपत जाणाऱ्या मालमत्तेची भरपाई न करताही लाभांश देता येतो असे ठरवले. व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर भागधारकांना नफा म्हणून जे मिळत होते त्यात त्यांच्याच भांडवलाचा एक भाग मिसळलेला होता. भारतात आज ही मुभा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार घसारा वजा केल्यानंतर उरलेल्या नफ्यातूनच लाभांश देता येतो.

आता भाडेपट्टा पाहू. एका व्यापाऱ्याने पाच वर्षांसाठी गाळा घेतला आणि पूर्ण मुदतीचे ६,००,००० रुपये पहिल्याच दिवशी एकरकमी भरले. सरळ हिशेब केला तर दरवर्षी १,२०,००० रुपये घसारा निघतो. ही स्थिर हप्ता पद्धत झाली, आणि तिच्यात चुकीचे काही नाही. मात्र एक खर्च तिच्या नजरेतून सुटतो. सहा लाख रुपये पाच वर्षांसाठी अडकून पडले आहेत. तेच पैसे आठ टक्क्यांनी गुंतवले असते तर पहिल्या वर्षी ४८,००० रुपये व्याज आले असते. गाळा वापरण्याची खरी किंमत मोजायची तर हे बुडालेले व्याजही त्यात धरायला हवे, असे ॲन्युइटी पद्धत मानते.

त्यासाठी असा प्रश्न विचारला जातो की, दरवर्षअखेर किती समान रक्कम आकारली म्हणजे मूळ सहा लाख आणि शिल्लक रकमेवरचे आठ टक्के व्याज मिळून पाच वर्षांत सगळे फिटेल? उत्तर वार्षिकीच्या तक्त्यात असते. पाच वर्षे आणि आठ टक्के या घरात एका रुपयामागे ०.२५०४५६ हा आकडा सापडतो. त्याला सहा लाखांनी गुणले की १,५०,२७४ रुपये मिळतात. तक्ता हाताशी नसेल तर दुसऱ्या बाजूने जाता येते. पुढील पाच वर्षे दर वर्षअखेर मिळणाऱ्या एकेका रुपयाचे आठ टक्क्यांनी आजचे मूल्य काढून बेरीज केली तर ३.९९२७ येते. सहा लाखांना या आकड्याने भागले की उत्तर तेच.

या १,५०,२७४ रुपयांना एक सरळ अर्थ आहे. शेजारच्या दुकानदाराने तसाच गाळा एकरकमी न घेता वर्षअखेर भाडे देण्याच्या बोलीवर घेतला असता, तर आठ टक्के व्याजदर धरून त्याचे न्याय्य वार्षिक भाडे एवढेच ठरले असते. म्हणजे एकरकमी भरणाऱ्याच्या पुस्तकात या पद्धतीने घसाऱ्याच्या नावाखाली दिसतो तो आकडा त्या भाड्याच्या बरोबरीचा असतो.

दरवर्षी दोन नोंदी होतात. आधी वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक रकमेवर व्याज काढायचे. त्यासाठी भाडेपट्टा खाते नावे आणि व्याज खाते जमा. मग ठरलेली समान रक्कम आकारायची. तिच्यासाठी घसारा खाते नावे आणि भाडेपट्टा खाते जमा. वर्षअखेरीस व्याज नफातोटा खात्याच्या जमा बाजूला जाते आणि घसारा नावे बाजूला. गाळ्याचा पाच वर्षांचा प्रवास असा होतो:

| वर्ष | सुरुवातीची शिल्लक | व्याज ८% | घसारा | अखेरची शिल्लक | नफ्यावरचा निव्वळ भार |
|---|---|---|---|---|---|
| १ | ६,००,००० | ४८,००० | १,५०,२७४ | ४,९७,७२६ | १,०२,२७४ |
| २ | ४,९७,७२६ | ३९,८१८ | १,५०,२७४ | ३,८७,२७० | १,१०,४५६ |
| ३ | ३,८७,२७० | ३०,९८२ | १,५०,२७४ | २,६७,९७८ | १,१९,२९२ |
| ४ | २,६७,९७८ | २१,४३८ | १,५०,२७४ | १,३९,१४२ | १,२८,८३६ |
| ५ | १,३९,१४२ | ११,१३२ | १,५०,२७४ | ० | १,३९,१४२ |

पाचव्या वर्षीचे व्याज काटेकोर काढले तर ११,१३१ रुपये ३६ पैसे येते आणि खात्यात एक रुपयाचा फरक उरतो. रुपयांत पूर्णांक करताना हे होणारच. परीक्षेत आणि प्रत्यक्षातही हा रुपया शेवटच्या वर्षाच्या व्याजात मिळवून खाते शून्यावर आणतात. फरक एक-दोन रुपयांचा असेल तर तो पूर्णांकाचा मानावा. तो शेकड्यांत गेला तर एखाद्या वर्षीचे व्याज चुकीच्या शिल्लक रकमेवर काढले गेले आहे असे समजावे. बहुधा ते आदल्या वर्षाच्या शिल्लक रकमेऐवजी मूळ किमतीवर काढलेले असते.

तक्त्याच्या शेवटच्या स्तंभाकडे नीट पाहावे. घसाऱ्याची रक्कम पाचही वर्षे सारखीच आहे, पण नफ्याला लागणारा खरा भार दरवर्षी वाढतो, आणि तोही बरोबर आठ टक्क्यांनी. सर्व निव्वळ भारांची बेरीज ६,००,००० होते. म्हणजे व्यापाऱ्याच्या खिशातून जेवढे गेले तेवढेच अखेर नफ्यातून वजा झाले. व्याजाचे १,५१,३७० रुपये एका बाजूने उत्पन्न म्हणून आले आणि घसाऱ्यात मिसळून दुसऱ्या बाजूने गेले. कोणत्याही बँकेतून ते आलेले नव्हते. ‘ॲन्युइटी पद्धतीत दरवर्षी नफ्यावरील भार समान असतो, चूक की बरोबर?’ या छोट्या प्रश्नावर बरेच विद्यार्थी इथेच फसतात. समान असतो तो घसारा. भार वाढत जातो.

यातच उत्तर तपासण्याची एक सोपी खूण आहे. हिशेबाच्या पुस्तकांच्या शेवटी बहुधा दोन तक्ते शेजारीशेजारी छापलेले असतात, एक वार्षिकीचा आणि दुसरा ऋणपरिशोधन निधीचा म्हणजे सिंकिंग फंडाचा. आठ टक्के आणि पाच वर्षांसाठी पहिल्यात ०.२५०४५६ आणि दुसऱ्यात ०.१७०४५६ असतो. दोहोंतला फरक अगदी ०.०८, म्हणजे व्याजदराएवढाच. घाईत दुसऱ्या तक्त्यातला आकडा उचलला तर घसारा १,०२,२७४ रुपये येतो. हा आकडा ॲन्युइटीतल्या पहिल्या वर्षाच्या निव्वळ भाराएवढाच असतो. शिवाय ०.१७ हा आकडा पाच वर्षांच्या पाचव्या हिश्शाहून, ०.२० हून, लहान आहे. ॲन्युइटीच्या घसाऱ्यात मूळ रकमेबरोबर व्याजही असते, त्यामुळे तिचा आकडा मूळ किमतीला वर्षांनी भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठाच असायला हवा. तो लहान निघाला तर तक्ता चुकला. सिंकिंग फंडात रक्कम खरोखर बाहेर गुंतवली जाते आणि व्याज प्रत्यक्ष हातात येते. ॲन्युइटीत काहीच बाजूला पडत नाही, त्यामुळे पाच वर्षांनी नवा पट्टा घेण्यासाठी वेगळे पैसे जमलेले असतील अशी आशा धरता येत नाही.

एक छोटे उदाहरण पाहू. २,००,००० रुपयांचा पाच वर्षांचा पट्टा, व्याज पाच टक्के, एका रुपयाची वार्षिकी ०.२३०९७५. दोन वर्षांनंतरची शिल्लक किती? वार्षिक घसारा ४६,१९५. पहिल्या वर्षी व्याज १०,००० मिळवून आणि घसारा वजा करून १,६३,८०५ उरतात. दुसऱ्या वर्षी व्याज ८,१९० आणि अखेरची शिल्लक १,२५,८००.

कधी प्रश्न उलटा येतो. पहिल्या वर्षाचे व्याज ९,००० रुपये, दर सहा टक्के आणि घसारा ३५,६०९ रुपये दिलेला असतो, आणि दुसऱ्या वर्षाचे व्याज विचारलेले असते. पट्ट्याची किंमत सांगितलेली नसली तरी ९,००० ला ०.०६ ने भागले की ती १,५०,००० निघते. वर्षअखेर १,२३,३९१ उरतात आणि त्यावरचे व्याज ७,४०३. वर्षांची संख्या न दिल्याने विद्यार्थी गांगरतात, पण घसारा आयता दिलेला असेल तर वर्षांची गरजच नसते.

पट्टा १ ऑक्टोबरला सुरू झाला आणि हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर पहिल्या हिशेबी वर्षाच्या वाट्याला पट्ट्याचे अर्धेच वर्ष येते. वरच्या गाळ्यासाठी तेव्हा व्याज २४,००० आणि घसारा ७५,१३७ धरावा लागेल. दोन्ही निम्मे करायचे. व्याज निम्मे करून घसारा पूर्ण ठेवणे ही नेहमीची चूक, आणि तिने पहिल्याच वर्षी भार कितीतरी फुगतो.

ही पद्धत भाडेपट्ट्याला शोभते याचे कारण पट्ट्याच्या स्वभावात आहे. किंमत एकदाच ठरते, मुदत करारात लिहिलेली असते, दुरुस्तीने ती वाढत नाही आणि मध्येच नवी भर पडत नाही. यंत्रसामग्रीत दर एक-दोन वर्षांनी नवे यंत्र येते, जुने विकले जाते, आणि प्रत्येक वेळी तक्ता पुन्हा मांडावा लागतो. त्यामुळे तिथे ही पद्धत फारशी वापरली गेली नाही.

पण पट्टा फार लांबला की हीच पद्धत विचित्र निकाल देते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. समजा अशा भूखंडासाठी ५०,००,००० रुपये प्रीमियम भरला आणि आठ टक्क्यांनी ॲन्युइटी लावली. पहिल्या वर्षी व्याज येते ४,००,००० आणि घसारा येतो सुमारे ४,००,२७०. नफ्यावरचा निव्वळ भार जेमतेम २७० रुपये. स्थिर हप्ता पद्धतीने तो ५२,६३२ रुपये असता. पुढे भार चक्रवाढीने वाढत जातो आणि शेवटच्या वर्षी तीन लाख सत्तर हजारांच्या घरात पोहोचतो. ८६ वर्षे उलटल्यावरही ताळेबंदात या पट्ट्याची किंमत जवळपास २५ लाख दिसते. म्हणजे निम्मी किंमत शेवटच्या नऊ वर्षांच्या माथी. गणितात खोट नाही. तरी आजच्या भागधारकांचा भार त्यांच्या नातवंडांच्या पिढीवर ढकलणारा हा हिशेब वाजवी म्हणता येणार नाही. ॲन्युइटी पाच, दहा, फार तर पंधरा वर्षांच्या पट्ट्यालाच बरी.

आजच्या कंपन्यांच्या पुस्तकांत ती जवळपास दिसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या इंड एएस ११६ या मानकानुसार हप्त्याने भाडे देणारा पट्टेदार भविष्यातील भाड्यांचे आजचे मूल्य काढून एक मालमत्ता आणि एक देणे पुस्तकात आणतो. मालमत्तेवर घसारा बहुधा समान हप्त्याने निघतो आणि देण्यावर व्याज घटत जाते, म्हणून एकूण भार सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी पडतो. ॲन्युइटीच्या नेमका उलट. तरी देण्याच्या बाजूचा तक्ता वर दिलेल्या गाळ्याच्या तक्त्यासारखाच चालतो: शिल्लक, तिच्यावर व्याज, समान हप्ता, नवी शिल्लक. जुनी पद्धत ज्याने हाताने सोडवली आहे त्याला नवे मानक वाचायला जड जात नाही.

खाणीचा हिशेब गणिताने सोपा आहे. व्याज नाही, तक्ता नाही, एका भागाकारात काम होते. खाणीच्या एकूण खर्चातून शेवटी उरणारी किंमत वजा करायची, उरलेल्या रकमेला काढता येण्याजोग्या खनिजाच्या टनांनी भागायचे आणि मिळालेल्या दराने त्या वर्षी काढलेल्या टनांना गुणायचे. अवघड आहे ते या तीन आकड्यांत काय धरायचे आणि काय नाही हे ठरवणे.

एका मँगनीज खाणीचे उदाहरण घेऊ. खरेदी, रस्ते आणि माथ्यावरची माती हटवण्याचा खर्च मिळून ५,२०,००,००० रुपये लागले. खाण संपल्यावर जमिनीचे २०,००,००० रुपये येतील असा अंदाज आहे. छिद्रे पाडून केलेल्या पाहणीत जमिनीखाली १२,५०,००० टन धातुक असल्याचे दिसले, पण त्यातले ८० टक्केच काढता येईल. बाकीचे छत पेलण्यासाठी खांबांच्या रूपात जागेवरच ठेवावे लागेल किंवा काढणे परवडणार नाही. म्हणून छेदात १२,५०,००० नव्हे, १०,००,००० टन घ्यायचे. पाच कोटींना दहा लाखांनी भागून दर येतो टनाला ५० रुपये. जमिनीखालचा सगळा साठा छेदात घेतला असता तर दर ४० रुपये निघाला असता, आणि खाण बंद पडण्याच्या दिवशी पुस्तकात एक कोटी रुपये तसेच उरले असते.

पहिल्या वर्षी ४०,००० टन निघाले, दुसऱ्या वर्षी १,२०,०००, तिसऱ्या वर्षी खाण बंद होती, चौथ्या वर्षी ९०,०००. घसारा अनुक्रमे २० लाख, ६० लाख, शून्य आणि ४५ लाख. तिसऱ्या वर्षीच्या शून्यावर हमखास प्रश्न येतो. विद्यार्थी तिथे काहीतरी आकडा लिहू पाहतात, पण खनिजाचा कण हलला नसेल तर खाण कमी झालेली नाही. चार वर्षांत २,५०,००० टन गेले, १,२५,००,००० रुपये आकारले गेले आणि पुस्तकी किंमत ३,९५,००,००० उरली.

पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला नवी पाहणी झाली आणि उरलेला साठा ७,५०,००० टन नसून फक्त ५,००,००० टन असल्याचे कळले. आता काय करायचे? मागच्या चार वर्षांना हात लावायचा नाही. आजच्या पुस्तकी किमतीतून २० लाख वजा करून ३,७५,००,००० ला ५,००,००० ने भागायचे. नवा दर ७५ रुपये. काही जण मूळ पाच कोटींना गेलेले आणि उरलेले मिळून ७,५०,००० टनांनी भागतात आणि ६६ रुपये ६७ पैसे दर काढतात. तो लावला तर मागे ५० रुपयांनी गेलेल्या टनांची तूट कधीच भरून निघत नाही. साठ्याचा अंदाज बदलणे म्हणजे आधीची चूक सुधारणे नव्हे. पहिला अंदाज त्या वेळच्या माहितीवर बरोबरच होता, म्हणून फरक पुढच्या टनांवर पसरवतात.

यापुढचा मुद्दा पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो. घसारा काढलेल्या टनांवर निघतो, विकलेल्या नव्हे. चौथ्या वर्षी निघालेल्या ९०,००० टनांपैकी ७०,००० विकले गेले आणि २०,००० ढिगात पडून राहिले असतील, तर खाण खाते पूर्ण ४५ लाखांनीच कमी होईल. मात्र त्यातले १० लाख ढिगातल्या मालाच्या किमतीत धरले जातील आणि नफ्यातून ३५ लाखच वजा होतील. मजुरी, डिझेल यांच्यासारखाच घसाराही धातुकाच्या उत्पादनखर्चाचा भाग असतो. हे विसरले तर अखेरचा साठा स्वस्त दिसतो आणि त्या वर्षीचा नफा उगाच कमी दाखवला जातो.

खाणीतली यंत्रे हा वेगळा विचार आहे. डंपर दुसऱ्या खाणीत नेता येतो, त्याचा घसारा त्याच्या स्वतःच्या आयुष्याप्रमाणे काढावा. खाणीची विहीर किंवा आतले रूळ हलवता येत नाहीत, आणि खाण संपली की त्यांचा उपयोगही संपतो, म्हणून त्यांची किंमत टनांच्या हिशेबात घेणे योग्य. सरकारला द्यायची रॉयल्टी यात मिसळू नये. ती टनामागे असल्याने घसाऱ्यासारखी दिसते, पण ती त्या-त्या वर्षाचा खर्च असते आणि रोखीने जाते. १९५७ च्या खाण आणि खनिजे कायद्यानुसार पट्टेदाराला किमान भाडे, म्हणजे डेड रेंट, किंवा रॉयल्टी यांपैकी जे जास्त ते द्यावे लागते. त्यामुळे बंद असलेल्या वर्षी घसारा शून्य असला तरी डेड रेंट चालूच राहते.

वरच्या उदाहरणात जमिनीचे २० लाख उरतील असे धरले, कारण पुस्तकी खाण बहुधा विकत घेतलेली असते. भारतात बहुतेक खाणी पट्ट्यावर असतात. मुदत संपली की जमीन हातून जाते, म्हणून शेवटची किंमत सहसा शून्य. उलट खड्डे भरणे, उतार बांधणे, झाडे लावणे यांचा खर्च येतो, आणि त्याचा अंदाज सुरुवातीलाच खाणीच्या किमतीत मिळवतात. म्हणजे अंशातून काही वजा होण्याऐवजी त्यात भर पडते.

अशा खाणीत दोन मर्यादा एकाच वेळी चालतात, साठ्याची आणि मुदतीची. गोव्यात हे ठळकपणे दिसले. पोर्तुगीज काळातील खाण सवलती १९८७ च्या कायद्याने पट्टे बनल्या. २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात ते पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्याचे ठरवले आणि राज्याच्या वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची कमाल मर्यादा घातली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द केले. खनिज जमिनीत होते, पण ते काढण्याचा हक्क उरला नव्हता. फक्त साठ्याकडे बघून दर ठरवणाऱ्या हिशेबाला हा धोका दिसतच नाही.

अशा खाणीचे उदाहरण असे मांडता येईल. खाणीची पुस्तकी किंमत ३,००,००,००० रुपये, अंदाजे साठा ६,००,००० टन, पट्ट्याची पाच वर्षे शिल्लक आणि परवानगी वर्षाला ८०,००० टनांची. साठ्याने भागले तर दर ५० रुपये. पण पाच वर्षांत जास्तीत जास्त ४,००,००० टनच निघू शकतात, म्हणजे पूर्ण उत्पादन होऊनही दोन कोटीच आकारले जातील आणि पट्टा संपताना एक कोटी पुस्तकात लटकत राहील. म्हणून छेदात साठा आणि मुदतीत निघू शकणारे टन यांतला लहान आकडा घ्यावा. दर होतो ७५ रुपये.

पहिल्या वर्षी ६०,००० टनच निघाले तर घसारा ४५ लाख आणि शिल्लक २,५५,००,००० रुपये. न काढलेले २०,००० टन पुढच्या वर्षी जास्त काढण्याची परवानगी नाही, म्हणून उरलेल्या चार वर्षांसाठी छेद ३,२०,००० टन आणि नवा दर ७९ रुपये ६९ पैसे. त्या वर्षी खाण पूर्ण बंद राहिली असती तर डिप्लिशनचा घसारा शून्य आला असता, पण तीन कोटींचा सगळा भार ३,२०,००० टनांवर येऊन दर ९३ रुपये ७५ पैशांवर गेला असता. पट्टा नूतनीकरणाची आशा नसताना बंद वर्षे वाढत गेली, तर टनाच्या दराने हे निभत नाही. तेव्हा उरलेल्या टनांतून किती रक्कम प्रत्यक्ष वसूल होईल याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि ती पुस्तकी किमतीपेक्षा कमी असेल तर तेवढा फरक त्याच वर्षी तोटा म्हणून लिहून टाकावा लागतो.